फोटोतली क्रिब सुंदर आहे, पण बाळाला तिच्यात झोपवावं का?

*आमचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा जन्मला, वजन छान वाढतंय. मी हौसेनं त्याची क्रिब सजवली आणि फोटो घरच्या सगळ्यांना पाठवला. सगळ्यांना आवडला, फक्त नणंद म्हणाली, "वहिनी, यात त्याला झोपवू नकोस." फोटो सोबत पाठवतेय. डोक्याखाली मध्ये खळगा असलेली उशी आहे, डोकं चपटं होऊ नये म्हणून. दोन्ही कुशींना छोटे लोड, चारी बाजूंनी गादीदार बंपर, पायाशी दुलई आणि कोपऱ्यांत तीन सॉफ्ट टॉय. तो दूध बाहेर काढतो, म्हणून गादीखाली डोक्याच्या बाजूला टॉवेलची घडी घातली आहे. दोन आठवडे तो यातच शांत झोपतोय. सगळंच तर मऊ आहे, मग त्याला लागणार काय? सुरक्षित आहे की नाही ते स्पष्ट सांगा. — एक आई*

ताई,

नाही, सुरक्षित नाही. नणंदबाईंनी योग्य वेळी योग्य तेच सांगितलं आहे. हे वाचून झाल्यावर आधी क्रिबपाशी जा. उशी, दोन्ही लोड, बंपर, दुलई, खेळणी आणि गादीखालचा टॉवेल, सगळं काढून ठेवा. आत फक्त गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर राहू द्या आणि बाळाला उताणं झोपवा. हे आजच्या दुपारच्या झोपेपासूनच करायचं आहे. कारणं मी पुढे सविस्तर लिहिते, कारण कारण कळलं नाही तर एखाद्या अवघड रात्री यातली एखादी वस्तू परत आत येते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

"लागणार काय?" हा तुमचा प्रश्न मनापासूनचा आहे आणि सगळ्याची किल्ली त्यातच आहे. आपण मोठी माणसं बाळासाठी धोका शोधताना टोकदार, टणक, कडक वस्तू शोधतो. चालायला लागलेल्या मुलाच्या बाबतीत ते बरोबर आहे. अडीच महिन्यांचं बाळ झोपेत असताना मात्र धोका मार लागण्याचा नसतो, श्वासाचा असतो. आणि श्वासाच्या बाबतीत मऊपणा हाच धोका आहे. कडक गोष्टीला नाक टेकलं तर नाकाभोवती फट राहते. मऊ गोष्ट चेहऱ्याचा आकार घेते आणि ती फट बुजवते.

नाक पूर्ण दाबलं जायलाच हवं असंही नाही. पुष्कळ आया उशी स्वतःच्या तोंडावर धरून बघतात आणि म्हणतात, यातून श्वास तर घेता येतो. येतो, पण काय घेतला जातो ते बघायला हवं. बाळाचा चेहरा मऊ कापडात किंवा दोन मऊ वस्तूंच्या बेचक्यात गेला, की त्यानं बाहेर सोडलेली हवा तिथंच साचते. पुढच्या श्वासाला तीच हवा पुन्हा आत जाते. अशा प्रत्येक श्वासागणिक त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि ऑक्सिजन कमी होत जातो. बाळ श्वास घेत असतं, छाती हलत असते, पण हवा शिळी होत चाललेली असते.

मोठ्या माणसाला असं झालं तर ते झोपेतच कूस बदलतं. बहुतेक बाळंही असं झालं की खोल श्वास घेतात, चुळबुळतात, डोकं वळवतात, रडतात. पण यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे धोका ओळखून झोपेतून जागं करणारी मेंदूची यंत्रणा, आणि दुसरी म्हणजे डोकं उचलून बाजूला नेण्याइतकी मानेची ताकद. तुमच्या मुलानं अजून मान पूर्ण धरलेली नसणार. शरीराच्या मानानं त्याचं डोकं जड आहे. आणि काही बाळांमध्ये जागं करणारी ती यंत्रणा पहिल्या काही महिन्यांत कच्ची असते. ही बाळं दिसायला अगदी ठणठणीत असतात, दूध नीट पितात, वजन वाढवतात. कोणत्या बाळात ती कच्ची आहे हे आधी सांगणारी कोणतीही तपासणी नाही. म्हणूनच वजन छान वाढतंय हे ऐकून मला आनंद झाला तरी या प्रश्नापुरता त्याचा आधार घेता येत नाही.

झोपेत अर्भकाचा अचानक मृत्यू होण्याच्या घटना पहिल्या सहा महिन्यांतच बहुतेक घडतात आणि त्यातही दुसरा ते चौथा महिना सर्वांत नाजूक असतो. तुमचं बाळ नेमकं त्या काळात आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. अशा घटना मुळात कमी असतात. पण "आणखी थोडा मोठा झाला की काढू" असं इथं म्हणता येत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता दोन आठवड्यांच्या शांत झोपेबद्दल. तेवढे दिवस बाळाचा चेहरा चुकीच्या जागी गेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. आणि शांतता हा इथं दिलासा धरता येत नाही. साचलेल्या हवेत श्वास घेणारं बाळ जोरात रडेलच असं नाही, ते अगदी निःशब्दही असू शकतं. "काही झालं तर मला आवाज येईलच" हा भरवसा म्हणूनच धरू नका.

फोटोतल्या वस्तूंमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती खळग्याच्या उशीची. ती डोक्यासाठी म्हणून विकली जाते, त्यामुळे ती औषधासारखी वाटते आणि सर्वांत शेवटी निघते. ती दोन प्रकारे घात करू शकते. बाळ जरासं खाली सरकलं की खळग्याची कड मानेखाली किंवा डोक्यामागे येते आणि हनुवटी छातीकडे झुकते. या वयात श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, मान पुढे मुडपली की ती आणखी अरुंद होते. दुसरं म्हणजे बाळानं मान वळवली की नाक थेट खळग्याच्या फुगीर कडेला लागतं. डोक्याच्या आकारासाठीच्या अशा उशा वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2022 मध्ये दिला आहे. त्यांच्यामुळे चपटेपणा टळतो किंवा सुधारतो हे सिद्ध झालेलं नाही, उलट गुदमरण्याचा धोका वाढतो.

पण चपट्या डोक्याची तुमची चिंता खोटी नाही आणि तिला उत्तर हवंच. उताणं झोपणाऱ्या बाळांचं डोकं मागून थोडं सपाट होऊ शकतं. ते टाळायचं काम बाळ जागं असताना करायचं असतं. जागं असेल आणि तुम्ही समोर बसलेल्या असाल तेव्हा त्याला पोटावर, पालथं ठेवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मग हळूहळू वाढवत न्या. त्यानं डोक्याचा मागचा भाग मोकळा राहतो आणि मानेत ताकदही येते, जी त्याला पुढे झोपेत उपयोगी पडणार आहे. क्रिबमध्ये एक दिवस डोकं या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला करा. बाळ उजेडाकडे किंवा तुमच्याकडे बघायला मान वळवतं, टोक बदललं की वळण्याची बाजूही बदलते. पाजताना आणि कडेवर घेतानाही बाजू बदला. खुर्चीत किंवा झोपाळ्यात टेकून बसण्याचा वेळ कमी ठेवा. आणि तो कायम एकाच बाजूला मान ठेवत असेल, दुसरीकडे वळवताना कुरकुरत असेल, किंवा एका बाजूचा चपटेपणा वाढतोय असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. मानेचा एखादा स्नायू आखडलेला असू शकतो. तो साध्या व्यायामानं सुटतो आणि लवकर दाखवलं तर अधिक लवकर सुटतो.

टॉवेलची घडी घालण्यामागचा तुमचा विचार मला समजतो. बाळ दूध काढतं, मग डोकं वर असलं तर ते खाली राहील, असं कुणालाही वाटेल. झोपेत मात्र तसं होत नाही. उतारावर बाळ हळूहळू खाली घसरतं आणि घसरताना अंग मुडपून हनुवटी छातीला लागू शकते. दूध येणंही अशा उतारानं थांबत नाही. उताणं झोपवलं तर दूध श्वासात जाईल ही भीती तर घरोघरी असते, म्हणून शरीराची रचना एकदा डोळ्यांसमोर आणा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशीच राहतं आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं असताना हेच उलटं होतं, अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली येते. 1990 च्या दशकात अनेक देशांनी बाळांना उताणं झोपवण्याचा प्रचार सुरू केला, ब्रिटनमध्ये 1991 मध्ये आणि अमेरिकेत 1994 मध्ये मोहीम झाली. तेव्हाही हीच शंका घेतली गेली होती. प्रत्यक्षात दूध अडकून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वाढलं नाही, आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण मात्र अमेरिकेत जवळपास निम्म्यावर आलं.

तेव्हा गादी सपाट करा. पाजल्यावर त्याला थोडा वेळ खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा, मग उताणं ठेवा. दूध काढूनही तो आनंदी असेल आणि वजन वाढत असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. दूध हिरवट दिसलं, त्यात रक्त दिसलं, ते जोरात फेकल्यासारखं दूरवर पडू लागलं किंवा तो पिताना कमान करून रडू लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

बंपरबद्दल लोक सांगतात की तो नसला तर बाळाचं डोकं दांड्यांवर आपटेल, हात-पाय अडकतील. अडीच महिन्यांचं बाळ स्वतःला इजा करण्याइतक्या जोरात आपटूच शकत नाही. मोठं होऊन हात अडकला तर ते रडेल, तुम्ही जाऊन सोडवाल, फार तर वळ उठेल. याच्या समोर बंपरचं काय, ते बघा. बाळ सरकून कडेला गेलं की नाक थेट त्या गादीत. बंपर आणि गादी यांच्या सांध्यात चेहरा रुतू शकतो. त्याच्या बांधायच्या नाड्या मानेभोवती येऊ शकतात. आणि उभं राहायला लागलेलं मूल त्याच्यावर पाय देऊन क्रिबबाहेर येऊ शकतं. अमेरिकेत 2022 च्या कायद्यानं गादीदार बंपर बनवणं आणि विकणं बंद झालं आहे. 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या, बाळांना झोपवण्याच्या साधनांवरही त्याच कायद्यानं बंदी घातली. जाळीचा बंपर वापरू का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगते, तोही नको. त्याची गरजच नाही.

दोन्ही कुशींचे लोड त्याला एका जागी धरून ठेवतात असं वाटतं, पण बाळ वर किंवा खाली सरकतंच, आणि मग लोड चेहऱ्याजवळ येतो. लोडाच्या आणि गादीच्या मधली ती चिंचोळी जागा म्हणजे मघाशी सांगितलेलं हवा साचण्याचं बेचकंच. खेळण्यांबद्दल वेगळं काही सांगायचं नाही. कोपऱ्यात ठेवलेलं खेळणं कोपऱ्यातच राहत नाही आणि अडीच महिन्यांच्या बाळाला झोपेत त्याची सोबतही कळत नाही. ती तिन्ही खेळणी जागेपणी, तुमच्या नजरेसमोर द्या. त्यांची बटणासारखी डोळे-नाकं घट्ट शिवलेली आहेत ना, एवढं ओढून बघा.

दुलईऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक, वापरता येईल. तिचा गळा बाळाच्या मानेला नीट बसायला हवा, आत डोकं सरकेल इतका मोठा नको, आणि तिला टोपी नको. तिच्यात वजनासाठी काही भरलेलं असेल तर तीही नको. पिशवी नसली तरी अडचण नाही, अंगावरचे कपडे पुरतात. त्या खोलीत तुम्हाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात त्याच्यापेक्षा फार तर एक थर जास्त. घरात झोपताना डोक्यावर टोपी नको. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे सोडतं, आणि टोपी घसरून नाकावरही येते. हात-पाय गार लागले म्हणून पांघरूण वाढवू नका, या वयात ते गारच असतात. छातीला किंवा मानेच्या मागच्या बाजूला हात लावून बघा. तिथं घाम असेल किंवा अंग तापलेलं लागलं तर एक थर कमी करा.

वस्तू काढण्याइतकंच महत्त्वाचं काम अजून बाकी आहे, कारण फोटोत सगळं दिसत नाही. तुमचा फोटो वरून, एका कोपऱ्यातून घेतलेला आहे. अशा फोटोत गादीचा उतार सपाट दिसतो, गादी आणि कठड्यातली फट सावलीत लपते आणि गादी टणक आहे की मऊ हे तर कोणत्याच फोटोत कळत नाही. शिवाय फोटो रिकाम्या, आवरलेल्या क्रिबचा आहे. पहाटे चारला बाळ कुठं सरकलेलं असतं ते त्यात नाही. बाळंतिणीच्या वयाच्या स्त्रिया वाचतात अशा मासिकांमधले झोपलेल्या बाळांचे फोटो 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासले, तेव्हा ज्या फोटोंत झोपण्याची जागा दिसत होती त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जागा सुरक्षिततेच्या सल्ल्याशी न जुळणाऱ्या निघाल्या. त्यामुळे अशी सजावट तुम्हाला बाळाच्या खोलीचं नेहमीचं रूप वाटली, यात नवल नाही. ज्यांनी फोटोला "छान" म्हटलं, त्यांनीही तेच फोटो पाहिलेले असतात.

म्हणून सगळं काढल्यावर हातानं तपासा. गादीच्या मध्यभागी, जिथं डोकं येतं तिथं तळवा जोरात दाबा आणि उचला. गादी लगेच सपाट झाली पाहिजे. हाताचा खळगा राहिला, किंवा बाळाला उचलल्यावर डोक्याच्या जागी खोलगट भाग दिसला, तर गादी फार मऊ आहे आणि ती बदलावी लागेल. आपल्याला ती टणकच वाटली पाहिजे, बाळाला ती टोचत नाही. गादीवर आणखी मऊ थर, दुमडलेली रजई किंवा फोमचा तुकडा घातलेला असेल तर तोही काढा. मग गादी एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत बोटं घालून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहिली तर गादी त्या क्रिबची नाही, आणि ती फट उशी-टॉवेल कोंबून बुजवायची नसते. दांड्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा, ते 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. चादरीचा कोपरा ओढून बघा, तो सुटून वर आला तर दुसरी चादर घ्या. कुठलीही बाजू खाली सरकणारी, सैल किंवा हलणारी आहे का तेही हलवून बघा. जुन्या सरकत्या कठड्याच्या क्रिब अमेरिकेत 2011 पासून विकायला मनाई आहे, कारण कठडा निसटून तयार झालेल्या फटीत बाळं अडकली होती.

उतार मोजायला तुमचा फोनच पुरेल. बहुतेक फोनमध्ये पातळी दाखवणारी सोय असते. फोन गादीवर आडवा ठेवा, आकडा शून्याच्या आसपास हवा. आणि नणंदबाईंना पुन्हा फोटो पाठवायचा असेल तर दोन पाठवा, एक वरून आणि एक गादीच्या उंचीवर फोन धरून बाजूनं. त्या दुसऱ्या फोटोत उतार आणि फट दोन्ही दिसतात. क्रिबच्या वर टांगलेलं काही असेल, पडद्याची दोरी किंवा कॅमेऱ्याची वायर जवळून जात असेल, तर तीही त्याच फोटोत येऊ द्या. दोऱ्या आणि वायर त्याच्या हाताच्या टप्प्यापासून दूरच हव्यात, आणि तो टप्पा दर महिन्याला वाढत जातो.

पहिल्या दोन-तीन रात्री तो कदाचित कुरकुरेल, कारण त्याला लोडांच्या स्पर्शाची सवय झाली आहे. छातीवर तुमचा हात ठेवा, हलकं थोपटा, पुन्हा पाजून बघा, उचलून शांत करा आणि उताणं ठेवा. चोखणी देत असाल तर झोपवताना द्या, झोपेत पडली तर परत तोंडात घालायची गरज नाही, पण ती दोरीनं अडकवू नका. क्रिब तुमच्याच खोलीत, पलंगाजवळ ठेवा, निदान पहिले सहा महिने तरी. रात्री पाजताना तुम्हाला पेंग येत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं हे क्रिबमधल्या उशीपेक्षाही जास्त धोक्याचं आहे, कारण तो सोफ्याच्या पाठीच्या आणि तुमच्या अंगाच्या मधे सरकतो. घरात दुसरं माणूस असेल तर पाजल्यावर बाळ त्यांच्याकडे द्यायचं हे आधीच ठरवून ठेवा.

चौथ्या महिन्याच्या आसपास तो पालथा पडायला लागेल. त्याला कापडात घट्ट गुंडाळून झोपवत असाल तर पालथं पडण्याची पहिली धडपड दिसली की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद, कारण हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला डोकं उचलता येत नाही. तुम्ही ठेवताना मात्र उताणंच ठेवायचं. दोन्हीकडून, म्हणजे उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, त्याला स्वतःहून होता यायला लागलं की झोपेत तो वळला तरी रात्रभर उठून सरळ करत बसायची गरज नाही. अर्थात क्रिब रिकामी असेल तरच. उशी, दुलई, खेळणी, यांतलं काहीही एक वर्षाच्या आत परत आत आणू नका.

क्रिबबाबत हे सगळं ठरलं की ते घरात बाळाला झोपवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आजी-आजोबा, मामा, मदतीला येणाऱ्या बाई, दुपारी दोन तास सांभाळणारं कुणीही. रोज उताणं झोपणाऱ्या बाळाला कुणी एखाद्या दिवशी पालथं झोपवलं, तर त्याला असलेला धोका नेहमी पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो, कारण त्या स्थितीत डोकं उचलून वळवायची सवयच त्याला नसते. "कुशीवर ठेवलं तर जास्त झोपतो" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. कुशीवरून पालथं व्हायला बाळाला फार वेळ लागत नाही, एवढं सांगा, आणि त्यांच्यासमोरच त्याला उताणं करून दाखवा.

आणि झोपेत किंवा जागेपणी ओठ निळे-काळे दिसले, श्वास मधेच थांबतोय असं वाटलं, किंवा बाळ अचानक ढिलं पडून हाकेला प्रतिसाद देईनासं झालं, तर मला लिहू नका, उद्याची वाटही बघू नका. त्याच क्षणी रुग्णवाहिकेला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात पोहोचा.